तणमोराची तारीख

त्या पक्ष्याचा फोटो काढताना मला बटण दाबण्यापलीकडं काही सुचलं नाही. पुढं तीन महिने मी त्याचं फळ भोगलं.

तेव्हा मी आळंद तालुक्यात, अक्कलकोटच्या अंगाला असलेल्या एका गावात, मराठी शाळेवर विज्ञान शिकवत होते. खोली आळंदला. सकाळच्या पहिल्या बसनं गावात यायचं, शाळा सुटली की परत. धाकटा भाऊ पुण्याला कॉम्प्युटरच्या नोकरीला लागला होता. त्यानं नवा कॅमेरा घेतला आणि जुना मला देऊन टाकला. पेन्सिल सेलवर चालणारा साधा डिजिटल कॅमेरा, थोडासा झूम असलेला. त्यावर मी शाळेचे कार्यक्रम टिपायची आणि वाटेत दिसतील ती पाखरं. पाखरांचं वेड मला लहानपणापासून होतं, पण शिकवणारं कुणी नव्हतं. शाळेच्या कपाटातलं एक जुनं पुस्तक, त्यातली चित्रं, एवढीच माझी विद्या.

गावाच्या उत्तरेला मोठं गायरान होतं. मुरमाड जमीन, मधून मधून बोरीची झुडपं, पावसाळ्यात गुडघाभर पवन्या आणि कुसळीचं गवत. पलीकडं सगळी तूर. त्या गायरानात एक अक्का मेंढ्या चारायची. पन्नाशीच्या पुढची, धनगराच्या घरातली. घरात मराठी, बाजारात कन्नड. तिचे दोन्ही मुलगे पुण्याला बांधकामावर गेले होते. ती आणि तिच्या तीसेक मेंढ्या, एवढंच घर उरलं होतं.

त्या वर्षी ऑगस्टात पावसानं जोर धरला तेव्हा तिनं मला बस थांब्यावर गाठलं.

"बाई, गवतातनं एक काळं पाखरू उड्या मारायलंय. बेडकावानी आवाज करतंय आन् सरळ वर उडतंय. तुमच्या पुस्तकात हाय का बघा की."

मी शाळेला सुट्टी असल्यागत तिच्या मागून गेले. पहाटेच पाऊस पडून गेला होता, गवत ओलं होतं. तिनं मला हद्दीच्या एका चुना लावलेल्या दगडाआड बसवलं. थोड्या वेळानं गवतातून ते वर आलं. काळंभोर अंग, पंखावर पांढरा पट्टा, डोक्यामागं वळलेल्या बारीक पिसांच्या काड्या. माणसाच्या डोक्यापेक्षा उंच उडी घेऊन ते पाय गोळा करून खाली पडायचं. तणमोर! पुस्तकात ज्याच्या चित्राखाली "आता फार थोडे उरले" असं लिहिलं होतं, तो. चार-पाच फोटो काढले. एकात तो गवतात उभा होता, मान वर करून. तो बरा आला.

आळंदच्या फोटो स्टुडिओवाल्या अण्णाकडून मी तेवढा पक्षी कापून मोठा करून घेतला, चौकटीत बसवून शाळेत लावला. सगळ्यांनी कौतुक केलं. वही काढून तारीख, वेळ, जागा लिहून ठेवावी हे माझ्या डोक्यातही आलं नाही. मी पाहिलं होतं, अक्कानं पाहिलं होतं, फोटो भिंतीवर होता. आणखी काय पाहिजे?

दसऱ्याच्या सुमारास अक्का शाळेच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. चेहरा उतरलेला.

"बाई, गायरानात खुणा करायलेत. पांढऱ्या फक्कीच्या. दिवाळी झाली की मशीन येणार म्हणं. खड्डे मारून झाडं लावणार. मेंढरांना बंदी."

"कुणी सांगितलं?"

"फॉरेस्टच्या गार्डानंच सांगितलं. म्हणला, ही पडीक जमीन हाय, सरकार हिरवी करायलंय. पडीक कशी ओ? माझी मेंढरं काय माती खात्यात व्हय?"

मी तशीच दुसऱ्या दिवशी रजा टाकून गुलबर्ग्याला वनखात्याच्या कचेरीत गेले. तिथले अधिकारी मध्यमवयीन, शांत गृहस्थ होते. मी कन्नडमधून सांगत गेले, त्यांनी मध्ये न बोलता ऐकलं. फोटो हातात घेऊन खिडकीच्या उजेडात धरला.

"पक्षी तणमोरच दिसतो," ते म्हणाले. "पण मी वर काय लिहू? एका टीचरनी भिंतीवरचा फोटो आणून दाखवला? काम मंजूर झालंय, तारीख ठरलीय. जाणकारांनी तपासून मान्य केलेली नोंद असेल तर त्या जोरावर मी काम थांबवायला सांगू शकतो. नुसत्या फोटोवर नाही."

त्यांनी एका कागदावर बेंगळूरच्या एका निवृत्त शास्त्रज्ञांचा ईमेल लिहून दिला. माळावरच्या दुर्मिळ पक्ष्यांच्या नोंदी ते तपासत असत. दिवाळीला तीन आठवडे होते.

आळंदच्या बसस्टँडसमोर इंटरनेटचं दुकान होतं. तिथं बसून मी फोटो पाठवला आणि मोठ्या विश्वासानं लिहिलं: ऑगस्टमध्ये, आळंदजवळ, मी स्वतः पाहिला. कृपया लवकर कळवा.

उत्तर दोन दिवसांनी आलं. सभ्य भाषेत, पण मला घाम फुटला. ऑगस्टमध्ये म्हणजे कोणत्या तारखेला, किती वाजता? आळंदजवळ म्हणजे कोणत्या दिशेला, किती अंतरावर, कोणत्या गावाच्या शिवारात, कोणत्या सर्व्हे नंबरात? गवत केवढं होतं, पीक होतं की कुरण? पक्षी किती, नर की मादी, काय करत होते, तुम्ही किती अंतरावर होता? काळा तित्तिर नव्हे हे कशावरून ठरवलंत? आणखी कुणी पाहिला? शेवटी एक ओळ होती. पक्ष्याभोवतीचा परिसर कापून टाकलाय. कॅमेऱ्यातून निघालेला मूळ फोटो आणि त्याच्या आधीचे-नंतरचे सगळे फोटो, बरे-वाईट जे असतील ते, पाठवा.

मला आठवेल तेवढं मी लिहिलं. तारीख आठवत नव्हती, म्हणून "पंधरा ऑगस्टच्या आसपास" असं लिहिलं. स्टुडिओतल्या कॉम्प्युटरवर होती ती फाइल पाठवली. तीच मूळ आहे असं मला वाटलं.

दुसऱ्या उत्तरात त्यांनी लिहिलं होतं:

"कॅमेरा प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये तारीख आणि वेळ लिहितो. तुमच्या फाइलमध्ये तीन जानेवारी, रात्री अकरा वीस अशी नोंद आहे. फोटोत तर ऊन पडलंय. शिवाय जानेवारीत तणमोराचा नर असा काळा नसतो, तो मादीसारखा मातकट दिसतो. आणखी एक. मानेच्या उजव्या बाजूला गवताची एकच काडी तीन ठिकाणी जशीच्या तशी उमटली आहे. तिथं काहीतरी पुसलेलं आहे. मी तुमच्यावर आरोप करत नाही. पण या स्थितीत ही नोंद मला मान्य करता येणार नाही."

मी तशीच उठून स्टुडिओत गेले. अण्णा एका लग्नाचा अल्बम लावत होता.

"अण्णा, तुम्ही त्या फोटोत काय केलंत?"

"काय न्हाई बाई. बोरीची एक काटकी मानेवर आडवी आलती. खराब दिसायलती, म्हणून काढली."

"कामून काढली हो? मला विचारायचं तरी!"

तो गोंधळून बघत राहिला. त्यानं माझ्यासाठी चांगलंच केलं होतं. रोज तो नवरीच्या गालावरचे डाग पुसायचा, तशी ही काटकी पुसली. मूळ फोटो? कार्ड भरलं होतं म्हणून सप्टेंबरअखेर मीच त्याच्याकडून सगळं सीडीवर उतरवून घेतलं होतं, आणि कार्ड रिकामं करून घेतलं होतं. ती सीडी भावाला बघायला पुण्याला पाठवली होती.

भावाला फोन लावला. त्याच महिन्यात त्यानं खोली बदलली होती.

"ताई, सामान अजून खोक्यात हाय. सीडी कुठं असंल काय माहीत. एवढं काय त्यात?"

मी फोनवर रडले. त्याच्यासमोर मी कधी रडले नव्हते. तो घाबरला आणि म्हणाला, "शोधतो. आजच शोधतो."

ते दिवस मला अजून नको वाटतात. शाळेत बातमी पोचली होती. एक सहकारी सगळ्यांसमोर म्हणाले, "सोलापूरकडच्या अभयारण्यात सहल गेली होती ना तुमची? तिथलाच असेल हो." हसत म्हणाले, पण बाकीचेही हसले. मी भिंतीवरचा फोटो काढून दप्तरात घातला. पुन्हा फोटो काढावा म्हणून रोज पहिल्या बसनं उतरले की शाळेआधी गायरानात जाऊन बसायची. गवत पिवळं पडलं होतं, कुसळं साडीला चिकटायची. अक्का लांबूनच मान हलवायची.

"बाई, ते पावसाचं पाखरू. आता ते कशाला येतंय? गेलं की."

मला ठाऊक होतं. पण घरी बसवत नव्हतं.

दिवाळीच्या दोन दिवस आधी कुरिअरनं सीडी आली. भावानं वर कागद लावला होता: खोक्यात न्हवती, गादीखाली सापडली. इंटरनेटच्या दुकानात ती उघडली. पंधरा ऑगस्टचं झेंडावंदन, तणमोराचे पाच फोटो, पाच सप्टेंबरचा शिक्षक दिन. सगळ्यांवर जानेवारी! भावाच्या कॅमेऱ्यातले सेल मेले होते. झेंडावंदनाच्या सकाळी मी नवे घातले, तेव्हा कॅमेऱ्यानं तारीख विचारली होती आणि मी घाईत नुसतं ओके दाबलं होतं. त्याच्या लेखी त्या क्षणी एक जानेवारीची मध्यरात्र सुरू झाली.

मी पाचही फोटो पाठवले आणि ही हकीकत लिहिली. काटकीचंही लिहिलं, लाज वाटत असूनही. या वेळी उत्तर तासाभरात आलं. बाकीचेही फोटो पाठवा, विशेषतः झेंड्याचे.

मी बुचकळ्यात पडले, पण पाठवले. मग त्यांचा फोन आला. आवाज म्हातारा, पण उत्साही.

"टीचर, झेंडा किती वाजता चढला?"

"आठ वाजता. शाळेच्या घड्याळात आठचे ठोके पडले तेव्हाच."

"कॅमेरा म्हणतोय एक जानेवारी, रात्री बारा वाजून दहा मिनिटं. पक्ष्याचा फोटो तीन जानेवारी, रात्री अकरा वीसचा. मध्ये किती वेळ गेला?"

मी खडूनं हिशेब करावा तसा बोटानं टेबलावर केला. "दोन दिवस, तेवीस तास, दहा मिनिटं."

"मग पंधरा ऑगस्टच्या सकाळी आठमध्ये ते मिळवा."

अठरा ऑगस्ट. सकाळी सात वाजून दहा मिनिटं.

"घड्याळ चुकीचं असलं तरी चालत होतं," ते म्हणाले. "सेल मध्ये काढले असते तर ते परत एक जानेवारीवर गेलं असतं. तसं झालेलं नाही, कारण शिक्षक दिनाच्या फोटोतही तोच फरक येतोय. तारीख मिळाली. आता जागा."

न कापलेल्या एका फोटोत कोपऱ्यात चुना लावलेला दगड होता, आणि मागं क्षितिजावर दोन टेकड्यांमधली खाच. त्या जागेवर पुन्हा उभं राहून, तोच दगड आणि तीच खाच तशीच जुळेल असा फोटो काढा, असं त्यांनी सांगितलं. कॅमेऱ्यात खरी तारीख लावून. जवळचं गवत, झुडपं, चारी दिशा, सगळं वेगळं वेगळं टिपा. आणि मेंढ्या चारणाऱ्या त्या बाईंना एकही फोटो दाखवू नका. त्यांनी काय पाहिलं ते मला त्यांच्याच तोंडून ऐकायचंय.

दिवाळीनंतरच्या सोमवारी मी गायरानात पोचले तेव्हा पूर्वेच्या टोकाला पिवळं मशीन चालू होतं. घरघर करत ते एकेक खड्डा मारत पुढं सरकत होतं. अधिकाऱ्यांनी माझ्या विनंतीवरून गार्डाला पाठवलं होतं, त्याच्याकडं अक्षांश-रेखांश सांगणारं यंत्र होतं. मी दगडाआड बसून खाच जुळवली, चार वेळा सरकले, तेव्हा जुळली. गार्डानं तिथं उभं राहून आकडे लिहून दिले, सर्व्हे नंबर लिहिला, गावापासूनचं अंतर आणि दिशा लिहिली. मग मशीनकडं बघून त्यानं डोकं खाजवलं.

उंचवट्यावर रेंज यायची. तिथून मी शास्त्रज्ञांना फोन लावला आणि अक्काच्या हातात दिला. मला त्यांनी लांब जायला सांगितलं होतं, म्हणून मी वीस पावलं मागं सरले. मशीनच्या आवाजात अक्का कन्नडमधून ओरडून बोलत होती. मध्येच ती हात वर करून उडी दाखवायला लागली, फोनमधून दिसत नाही हे विसरून. मग घशातून बेडकासारखा आवाज काढला. एकदा, दोनदा. गार्डाला हसू आलं. मला रडू आलं.

तिनं फोन पदराला पुसून परत दिला.

"इचारलं केवढं होतं. म्या म्हणलं, कोंबडीएवढं, पण पाय लांब. इचारलं, दरसाल येतंय का? म्या म्हणलं, मागं दोन-तीन असायचे, औंदा एकच. बाई, एकच म्हणलं ते चुकलं का? जास्ती सांगायला पायजे हुतं का?"

"नाही अक्का. जे पाहिलं तेच सांगायचं."

"मग मशीन थांबंल?"

मी गार्डानं लिहून दिलेला कागद घडी करून दप्तरात ठेवला.

मंगळवारी सगळं पाठवलं. बुधवारी आळंदला दिवसभर लाइट नव्हती. गुरुवारी सकाळी दुकान उघडायच्या आधीच मी पायरीवर बसले होते. उत्तर बुधवारीच येऊन पडलं होतं. नोंद मान्य झाली होती. एक नर, विणीच्या पिसाऱ्यात, उड्या मारताना. अठरा ऑगस्ट, सकाळी सात दहाच्या सुमारास, पंधरा मिनिटं इकडं तिकडं. तारीख कॅमेऱ्याच्या घड्याळावरून काढलेली आहे, असं स्पष्ट लिहून. जाहीर नोंदीत फक्त तालुका येणार होता. नेमकी जागा ते फक्त अधिकाऱ्यांना कळवणार होते, शिकारी येऊ नयेत म्हणून.

मी लगेच गुलबर्ग्याला फोन लावला, आणि त्याच दुपारी अधिकाऱ्यांनी काम थांबवलं. मी मिळेल त्या गाडीनं गायरान गाठलं. मशीन थांबलेलं होतं, दगडाच्या पन्नास पावलं पलीकडं, पश्चिमेला. म्हणजे दगड मागं पडला होता. ज्या गवतात तो उड्या मारत होता तिथं रांगेत खड्डे होते आणि त्यांच्या कडेला मुरमाचे ढीग. गायरानाचा तिसरा हिस्सा तेवढा वाचला होता. अक्का तिथं मेंढ्या घेऊन उभी होती.

"बुधवारी पडलं हे सगळं," ती म्हणाली. "म्या आडवी झालते. गार्डानं हाताला धरून बाजूला केलं. मारलं न्हाई."

बुधवार. आळंदला लाइट नव्हती तो बुधवार. पण मी स्वतःला लाइटीच्या मागं लपू दिलं नाही. अठरा ऑगस्टला वहीत पाच ओळी लिहिल्या असत्या, मूळ फोटो नीट ठेवला असता, तर सप्टेंबरमध्येच नोंद झाली असती. गुलबर्ग्याचे अधिकारी मला नंतर म्हणाले, रागानं नव्हे, "टीचर, तुम्ही ऑगस्टमध्येच आला असतात तर प्रस्तावच वर गेला नसता." ते वाक्य मी पुष्कळ वर्षं उशाशी घेऊन झोपले.

पुढच्या पावसाळ्यात आम्ही दोघी वाचलेल्या तुकड्यावर बसलो. जमेल त्या सकाळी तास-दीड तास, शाळेच्या आधी. मी वही नेत होते. तारीख, किती वाजता आलो, किती वाजता उठलो, ऊन की ढग, गवत किती, मेंढ्या किती, काय दिसलं. चंडोल, लावा, एकदा कोल्हा. तणमोर नाही. सप्टेंबरच्या शेवटी मी शास्त्रज्ञांना फोनवर म्हणाले, "पाठवण्यासारखं काही नाही."

"तुम्ही किती दिवस बसलात?"

"एकोणचाळीस."

"मग ते पाठवा," ते म्हणाले. "दिसला नाही हेही कुणीतरी तारखेनिशी लिहून ठेवायला हवं."

मी एकोणचाळीस दिवसांची वही बसून टाइप केली. त्याच दिवाळीत अक्काच्या थोरल्या मुलानं तिला पुण्याला नेलं. जायच्या आधी तिनं मेंढ्या उमरग्याच्या बाजारात विकल्या आणि मला भेटायला शाळेत आली. बाकावर बसली आणि म्हणाली, "बाई, तिकडं माळ न्हाई म्हणं. सगळ्या बिल्डिंगा."

मी तिला बसपर्यंत पोचवायला गेले.